हशा वरच्या ओळीत की खालच्या?

‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ हा चित्रपट २००१ साली आला. त्यात शॉन बीन या नटाने केलेला बोरोमिर एका सभेत बसून बाकीच्यांना बजावतो, की मॉर्डोर नावाच्या भयंकर प्रदेशात कुणी असं सहज चालत जात नाही. बोलताना त्याने हाताची बोटं जुळवली आहेत, कपाळावर आठ्या आहेत. पुढे इंटरनेटवरच्या लोकांनी हीच फ्रेम उचलली. चित्राच्या माथ्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘वन डझ नॉट सिंपली’ आणि पायथ्याशी ‘वॉक इन्टू मॉर्डोर’. मग वरची ओळ तशीच ठेवून खालची बदलायला सुरुवात झाली. एकच चिप्स खाऊन थांबता येत नाही, फक्त पाच मिनिटं फोन बघून ठेवता येत नाही, असं काय वाटेल ते खाली येऊ लागलं. वरची ओळ ठरलेली आणि खालची ज्याची त्याची, असा तो साचा.

आता हेच मराठीत आणायचं म्हटलं तर पहिलं वाक्य सुचतं ते असं : ‘मॉर्डोरमध्ये असं सहज जाता येत नाही.’ अर्थ बरोबर, भाषाही ठीक. पण चित्रावर टाकायला त्याचे दोन तुकडे केले की माथ्यावर येतं ‘मॉर्डोरमध्ये’ आणि पायथ्याशी ‘असं सहज जाता येत नाही’. सगळे शब्द आपापल्या जागी आहेत आणि विनोद मात्र संपलेला आहे.

असं होतं, कारण मीम वाचताना नजर आधी वरची ओळ घेते, मग चेहऱ्यावर थांबते आणि शेवटी खाली उतरते. चेहऱ्यावर गेलेल्या त्या क्षणभरात वाचणारा वाट बघत असतो. त्याला नवी गोष्ट खाली मिळायला हवी. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि कर्म किंवा ठिकाण मागाहून, त्यामुळे नवी गोष्ट आपोआप खाली पडते. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणून नवी गोष्ट वर जाते आणि खाली उरतो तो आधीच माहीत असलेला नकार. गुपित दारातच फुटतं.

बोलीत मात्र मराठी माणूस क्रियापदानंतरही बरंच काही ठेवतो. ‘आला का रे तो, प्लंबर?’ ‘भेटली होती काल, वर्षाची आई.’ हा क्रम लेखी मराठीत कमी दिसतो, पण बोलताना तो सतत कानावर पडतो आणि मीमची भाषा बोलीचीच असते. शिवाय ‘असं सहज’ या गुळमुळीत शब्दांपेक्षा ‘उठसूट’ हा नेमका शब्द मराठीकडे आहे. त्यामुळे वरती ‘उठसूट कुणी जात नाही’ आणि खाली ‘मॉर्डोरला’, अशी जुळणी होते. मग खालची ओळ बदलता येते : ‘दिवाळीआधीच्या रविवारी दादरला’. ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही बोरोमिरच्या आठ्या आणि दादरची गर्दी यांचा मेळ कळतो. मॉर्डोर कुठे आहे, हे माहीत असण्याची गरजच उरत नाही.

पण इथे काम संपत नाही. इंग्रजी साच्यात वरच्या ओळीत क्रियापदच नाही. ते खाली असतं आणि दर वेळी बदलतं. मराठी साच्यात ‘जात नाही’ वरती अडकलं, म्हणजे खाली फक्त ठिकाणंच चालणार. उकडीच्या मोदकांवर मीम करायचं झालं तर? तेव्हा वरची ओळ ‘उठलं आणि केलं, असं नसतं’ अशी घेता येते आणि खाली नुसतं ‘उकडीचे मोदक’. इथे एक बारीक गोष्ट साधली आहे. ‘उठलं’, ‘केलं’ ही नपुंसकलिंगी, कुणालाही न चिकटणारी रूपं आहेत. खाली मोदक येवोत, पुरणपोळी येवो की घराचं इंटिरिअर, वरची ओळ बदलावी लागत नाही.

उलट, कुणी साचाच ‘कुणी संपवली?’ असा बांधला, तर खाली मिसळ चालेल, बासुंदी चालेल. लाडू आले की ‘संपवले’ करावं लागेल आणि श्रीखंड आलं की ‘संपवलं’. मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतं, त्यामुळे असा साचा दुसऱ्याच माणसाच्या हातात मोडतो. साच्याचं भाषांतर करणाऱ्याने आपलं एक वाक्य चांगलं झालं की थांबू नये. खालच्या ओळीत पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी असे चार वेगळे शब्द घालून बघावेत. चारही वेळा वरची ओळ तशीच राहिली, तरच तो साचा लोकांच्या हाती द्यायच्या लायकीचा.

मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात घडवला, तेव्हा त्याच्यापुढे चित्रं नव्हती. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत जाणारी कोणतीही सांस्कृतिक गोष्ट, मग ती चाल असो वा फॅशन, त्याला अभिप्रेत होती. इंटरनेटवरच्या मीमचा अभ्यास करणाऱ्या लिमोर शिफमन या इस्रायली संशोधक बाईंनी २०१४ सालच्या पुस्तकात मीममधल्या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : त्यातला आशय, त्याचं रूप आणि सांगणाऱ्याचा पवित्रा. भाषांतर करणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा पहिल्यावरच असतं. फसतं ते दुसऱ्यात आणि तिसऱ्यात.

रूपाची गोष्ट अक्षरांपासूनच सुरू होते. इंग्रजी मीममधलं ते जाड, दाटीवाटीचं अक्षर म्हणजे ‘इम्पॅक्ट’ नावाचा टाइप. जेफ्री ली या इंग्रज आरेखकाचा हा टाइप शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक या ओतशाळेने १९६५ साली बाजारात आणला. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी जे मोजके फाँट मोफत वाटले त्यांत तो होता, म्हणून जवळजवळ प्रत्येक संगणकावर पोहोचला. पांढरं अक्षर आणि काळी कड, ही युक्ती सोपी आहे : मागे बर्फ असो की अंधार, अक्षर वाचता येतं. शिवाय सगळी अक्षरं कॅपिटल. कॅपिटल अक्षरांना खाली लोंबणारी शेपटी नसते, वर काही टेकवलेलं नसतं, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून रचता येतात.

इम्पॅक्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मीम बनवायच्या एखाद्या वेबसाइटवर मराठी टाइप केलं, की संगणक मुकाट्याने आपल्याकडचा दुसरा देवनागरी फाँट लावतो. जुन्या विंडोजवर तो बहुधा ‘मंगल’ असायचा. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फाँट पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी होता; चित्रावर ओरडण्यासाठी नव्हता. त्याच्या बारीक रेषांना जाड काळी कड लावली की घोटाळे सुरू होतात. ‘ध’, ‘भ’, ‘ख’ यांच्या पोटातली जागा काळी होते. शिरोरेषा आणि अनुस्वाराचा ठिपका यांच्यामधली फट बुजते आणि ठिपका गिळला जातो. मग ‘त्यांचं’चं ‘त्याचं’ होतं. सासरच्या सगळ्या मंडळींबद्दलचा विनोद एकट्या नवऱ्याबद्दलचा होऊन बसतो आणि ज्याने तो लिहिला त्याला त्याच्या मोठ्या पडद्यावर हे दिसतही नाही.

देवनागरीची ओळ तीन मजल्यांची असते. मात्रा, वेलांट्या आणि रफार वर, अक्षरं मधे, उकार आणि पायमोडके रकार खाली. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरावर दोन मराठी ओळी ठेवल्या, की वरच्या ओळीतल्या ‘कु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्मी’च्या रफारावर बसतो. उपाय असा, की कड पातळ ठेवायची किंवा तिच्याऐवजी अक्षरामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्यायची, ओळींमधलं अंतर वाढवायचं आणि मुळात जाड, अरुंद म्हणूनच घडवलेला देवनागरी फाँट घ्यायचा. ‘तेको’ आणि ‘खंड’ असे दोन फाँट मोफत मिळतात. गोलमटोल, लाडिक मजकुराला ‘बलू’ चालतो. बोरोमिरच्या आठ्यांना तो चालणार नाही.

याहून वाईट चूक म्हणजे जोडाक्षरं फुटणं. चित्र किंवा व्हिडिओ संपादित करणारी काही ॲप देवनागरीची जुळणी न समजता अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच मांडतात. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र’चे हलन्त तुकडे दिसतात. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांमध्ये त्यासाठी मजकुराचं इंजिन बदलून `World-Ready Layout` निवडावं लागतं, तेव्हा अक्षरं नीट जुळतात. तपासायला सोपा शब्द म्हणजे ‘विद्यार्थ्यांनी’. त्यात पहिली वेलांटी आहे, दुसरी वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. हा एक शब्द नीट उमटला तर बाकी बहुतेक सगळं नीट उमटतं. नंतर तयार चित्र व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून, साध्या फोनवर, न झूम करता वाचून बघायचं. तिथे जो अनुस्वार दिसत नाही, तो वाचकालाही दिसणार नाही.

काही मीममध्ये तर लिपीच विनोद असते. २०१७ मध्ये ‘स्पंजबॉब’ या कार्टूनमधलं एक चित्र फार चाललं. त्यात स्पंजबॉब कोंबडीसारखा वाकून, मान वेळावून उभा आहे. वर कुणाचं तरी साधं वाक्य असतं आणि खाली तेच वाक्य, पण एक अक्षर लहान, एक मोठं, असं आलटून पालटून लिहिलेलं. वाचताना तो वेडावल्याचा सूर कानात ऐकू येतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. मग काहीजण ह्रस्व-दीर्घाची मोडतोड करून बघतात : ‘मि आभ्यास करनार’. यात अडचण अशी, की मराठी वाचकाला ही खरोखरची अशुद्ध मराठी वाटते. लिहिणाऱ्याला येत नाही, की तो मुद्दाम करतोय, हे ठरत नाही आणि ते ठरेपर्यंत हसू निघून जातं. वर एखाद्याच्या बोलीची चेष्टा केल्याचा वास येतो, तो वेगळाच.

वेडावून दाखवायची मराठीची स्वतःची साधनं आहेत आणि ती घराघरात रोज वापरली जातात. एक म्हणजे ‘म्हणे’. दुसरं, अवग्रह लावून स्वर ताणणं. तिसरं, शब्दाला ‘बि’ची शेपटी लावणं. म्हणून वरती ‘आई : जेवताना मोबाइल नको’ आणि खाली ‘मी : म्हणे जेवताऽऽना मोऽऽबाइल नक्को’. किंवा, ‘मोबाइल-बिबाइल नको म्हणे!’ पहिलं स्पंजबॉबच्या वेळावलेल्या मानेला जास्त जवळचं आहे. दुसऱ्यात तुच्छता आहे, नक्कल नाही. चित्रात नक्कल आहे, म्हणून पहिलं घ्यावं. मूळ वाक्य शब्दशः दुसऱ्यांदा येणं हा या मीमचा प्राण आहे; ‘बि’ने ते मोडतं.

सगळ्यांत सोपी असतात ती नुसत्या चिठ्ठ्या चिकटवलेली मीम. अंतोनियो गियेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने जाहिरातदारांना विकण्यासाठी काढलेला एक फोटो २०१७ मध्ये जगभर पसरला : प्रेयसीचा हात धरून चाललेला तरुण वळून दुसऱ्याच मुलीकडे बघतो आहे आणि प्रेयसी चकित होऊन त्याच्याकडे. तिघांवर तीन नामं लिहायची, वाक्य चित्रच पुरवतं. ‘मी’, ‘परवा असलेली परीक्षा’, ‘नवी वेबसिरीज’. क्रियापद नाही, विभक्ती नाही, वरखाली काही नाही. फक्त नावं आखूड असावीत आणि चेहऱ्यांवर येऊ नयेत, कारण इथे विनोद तिघांच्या नजरांमध्ये आहे. पण चित्र काहीच बोलत नाही असं नाही. बानहोफ या स्वीडिश इंटरनेट कंपनीने नोकरीच्या जाहिरातीत हाच फोटो वापरला, तेव्हा बायकांना बदलता येण्याजोग्या वस्तूंसारखं दाखवल्याबद्दल तिथल्या जाहिरात लोकपालाने २०१८ मध्ये ती जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली. शब्द बदलले तरी चित्राचं म्हणणं मागे उरतंच, हे भाषांतर करणाऱ्याने ध्यानात ठेवलेलं बरं.

आता उलट दिशेने. मराठी मीमचा मोठा साठा आहे ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. घरमालक सरपोतदारांनी औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचं काय झालं, याचं धनंजय माने जे उत्तर देतात, ते आज मराठी माणसाला पाठ आहे : सत्तर रुपये वारले. बुडालेल्या उसनवारीवर, न मिळालेल्या डिपॉझिटवर, मित्राच्या ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’वर ही फ्रेम येऊन बसते.

यात हसायला येतं ते कशाने? पैसे बुडाले यात विनोद नाही. विनोद ‘वारले’ या क्रियापदात आहे. मराठीत मरणाची एक उतरंडच आहे. ‘देवाज्ञा झाली’, ‘निधन झालं’ हे छापील. ‘गेले’, ‘वारले’ हे घरातलं, अदबीचं. ‘मेला’, ‘खपला’ हे रागाचं किंवा तुच्छतेचं. ‘वारले’ फक्त माणसांसाठी आणि तेही मान ठेवून. ते रुपयांना लावलं आणि अशोक सराफ यांनी दुखवट्याला आल्यासारखा चेहरा ठेवून ते म्हटलं, की रुपये एकदम कुणाचे तरी काका होऊन जातात.

हे कळलं की भाषांतराची दिशा दिसते. इंग्रजीत ‘द मनी इज गॉन’ म्हटलं तर माहिती पोचते, विनोद नाही. ‘द सेव्हन्टी रुपीज आर डेड’ जवळ येतं, पण अदब गेली. ‘द सेव्हन्टी रुपीज हॅव पास्ड अवे’ बरोबर बसतं, कारण ‘पास्ड अवे’ही माणसांसाठी राखून ठेवलेला, हळू आवाजातला शब्द आहे. हिंदीत ‘गुजर गए’ पहिल्यांदा सुचतं. मात्र दिवस गुजरतात, गाड्याही गुजरतात, त्यामुळे रुपये गुजरले यात पुरेसा धक्का बसत नाही. ‘सत्तर रुपये चल बसे’ हे जास्त चांगलं. ‘चल बसे’ला मरणाखेरीज दुसरा अर्थ नाही आणि त्यात मायाही आहे.

रकमेचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. १९८८ मध्ये सत्तर रुपये ही सांभाळून द्यायची रक्कम होती. आज ती एका सँडविचची आहे. परदेशी वाचकाला वाटू शकेल, की एवढ्याशा पैशांसाठी एवढं सुतक, हाच विनोद आहे. तसं वाटलं तरी मीम पडत नाही, उलट थोडं वेगळ्या तऱ्हेने चालतं. रकमेचं डॉलरमध्ये रूपांतर करणं मात्र टाळावं, कारण मग चित्रातला मध्यमवर्गीय पुणेरी घरमालक आणि रक्कम यांचं नातं तुटतं. आणि वरच्या ओळीत मीम करणाऱ्याने स्वतःची रक्कम लिहिलेली असेल, उदाहरणार्थ ‘गोव्याच्या ट्रिपचे मित्राकडे राहिलेले ३,५०० रुपये’, तर खालची ओळ नुसती ‘वारले’ पुरते. इंग्रजीतही मग ‘पास्ड अवे’ एवढंच ठेवावं.

चित्र बदलायचा मोहही इथे होतो. हिंदी वाचकांना धनंजय माने माहीत नाहीत, तर ‘हेराफेरी’तला बाबुराव घ्यावा, असं वाटतं. तोही मराठी, बाबुराव गणपतराव आपटे, परेश रावल यांनी अजरामर केलेला. पण बाबुरावचा पवित्रा वेगळा. तो चिडतो, कावतो, जे आहे ते तोंडावर मारतो. रुपयांना अदबीने निरोप देणं त्याच्या चेहऱ्यावर शोभत नाही. त्याच्या तोंडी ‘डूब गए’ शोभेल, ‘चल बसे’ नाही. माणूस ओळखीचा हवा की सूर बरोबर हवा, यांत एकच मिळत असेल तर सूर घ्यावा. अनोळखी पण गंभीर चेहरा ‘चल बसे’ला पुरेसा आहे, ओळखीचा पण चुकीचा चेहरा ते वाक्य मारून टाकतो.

त्याच चित्रपटातलं दुसरं वाक्य अधिक अवघड आहे : ‘हा माझा बायको पार्वती.’ लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा मिळवण्यासाठी मित्रांपैकी दोघांनी बायकांची सोंगं घेतली आहेत आणि ओळख करून देताना जीभ घसरते. ‘ही माझी’च्या जागी ‘हा माझा’ येतं. सगळा स्फोट दोन प्रत्ययांत आहे. इंग्रजीत ‘धिस इज माय वाइफ’ म्हटलं तर चूक दिसतच नाही, कारण तिथे ‘धिस’लाही लिंग नाही आणि ‘माय’लाही नाही. म्हणून वाक्यच बदलून ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम आणावं लागतं : ‘ही इज माय वाइफ, पार्वती.’ देवनागरीत लिहिल्यावर ते नेमकं मराठी स्त्रीलिंगासारखं दिसतं. म्हणून या मीमवरची इंग्रजी ओळ रोमन अक्षरांतच ठेवावी लागते.

हिंदीत वरवर पाहता काम सोपं आहे. ‘ये मेरा बीवी पार्वती.’ लिंग आहे, चूकही दिसते. पण हिंदी कानाला ही चूक वेगळं सांगते. ‘मेरा बीवी’ म्हणणारा माणूस त्यांना हिंदी नीट न येणारा, दुसऱ्या प्रांतातला वाटतो. म्हणजे सोंग उघडं पडण्याच्या भीतीचा विनोद जातो आणि उच्चारावर हसणं येतं. पवित्रा बदलला. त्यापेक्षा घसरलेली जीभ सावरताना दाखवावी : ‘ये मेरा दोस्… मेरी बीवी, पार्वती.’ दोन शब्द वाढतात, पण फ्रेमच्या खालच्या पट्टीत एका ओळीत मावतात आणि चोरी पकडली जाण्याचा क्षण परत मिळतो. मूळ वाक्याचा आखूडपणा इथे सोडावा लागला, तरी सौदा फायद्याचा आहे.

काही वाक्यं मात्र दुसऱ्या भाषेत उभीच राहत नाहीत. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’मध्ये रिंकू राजगुरूची आर्ची करमाळ्याकडच्या ठसक्यात विचारते, की मराठीत सांगितलेलं कळत नाही का, इंग्लिशमध्ये सांगू का. गावातली मुलगी इंग्रजीची धमकी देते, यातला सगळा रुबाब दोन भाषांच्या उतरंडीतून येतो. ते इंग्रजीत लिहिलं, की धमकी आधीच अमलात आलेली असते. हिंदीत ‘मराठी’च्या जागी ‘हिंदी’ टाकून विनोद चालवता येतो, पण सोलापुरी ठसका तिथे कशात आणायचा? भोजपुरी किंवा हरियाणवी वळण दिलं, तर आर्ची दुसऱ्याच गावची होते.

अशा वेळी चित्रावरच्या मूळ ओळीला हात न लावलेला बरा. मराठी ओळ मराठीतच राहू द्यायची आणि भाषांतर चित्राबाहेर, खालच्या मजकुरात, एका साध्या वाक्यात द्यायचं. हसू अर्ध्या क्षणाने उशिरा येतं, कमीही येतं. पण वाचणाऱ्याला आर्चीचा चेहरा आणि मूळ लिपी दिसते आणि ती ज्या भाषेत बोलते आहे, ती आपली नव्हे हेही कळतं. या वाक्याला तेवढं कळणं आवश्यक आहे. तळटीप लिहिताना ‘हा एक गाजलेला मराठी संवाद आहे’ असं कधी लिहू नये. त्याऐवजी कोण, कुणाला, कुठे हे आठ-दहा शब्दांत सांगावं : गावच्या पुढाऱ्याची मुलगी वर्गातल्या मुलाला दटावते आहे.

भाषांतराचा आणखी एक प्रकार आहे आणि मराठी मीम करणाऱ्यांपैकी फार थोडे तो करतात. अंध वाचक फोनवरचा मजकूर स्क्रीन रीडरकडून ऐकतात. चित्रात रंगवलेली अक्षरं त्याला भरवशाने वाचता येत नाहीत, म्हणून चित्राचं वर्णन वेगळं लिहून जोडावं लागतं. एक्सवर त्यासाठी १,००० अक्षरांपर्यंत जागा असते. इथे वर आणि खाली काही उरत नाही, फक्त आधी आणि नंतर उरतं. ‘अशोक सराफ सत्तर रुपये वारले असं सांगत आहेत, वर मित्राच्या उसन्या पैशांबद्दल लिहिलं आहे’ असं वर्णन केलं, तर ऐकणाऱ्याला उत्तर आधी कळतं आणि प्रश्न नंतर. तेच असं लिहावं : ‘वरची ओळ : मित्र म्हणतो, पुढच्या आठवड्यात नक्की देतो. चित्र : अशी ही बनवाबनवीमधले धनंजय माने, चेहरा दुखवट्याला आल्यासारखा. खालची ओळ : सत्तर रुपये वारले.’ रंग, कपडे, मागची भिंत यांची गरज नाही. चेहरा मात्र खालच्या ओळीच्या आधी आलाच पाहिजे. बघणाऱ्याची नजर जिथे क्षणभर थांबते, तिथे ऐकणाऱ्याचा कान त्या चेहऱ्याच्या वर्णनावर थांबतो.